हिमालयातल्या पहिल्या ट्रेकसाठी शिधा, मीठ आणि पाणी: हमटा पासचं गणित

सह्याद्रीत दोन दिवसांची भटकंती करणाऱ्याला खाण्याची फारशी काळजी करावी लागत नाही. पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी मिळते, गडावर टाक्याचं पाणी असतं आणि एखादं जेवण हुकलं तरी संध्याकाळी एसटी मिळते. हिमालयात साडेतीन हजार मीटरच्या वर गेलं की तीन गोष्टी बदलतात. भूक मरते, पाणी लवकर उकळतं पण त्यात अन्न शिजत नाही, आणि तहान लागल्याचं वेळेवर कळत नाही. शिधा ठरवताना त्याचं वजन मोजण्याआधी या तीन गोष्टी मनात हव्यात.

उदाहरण म्हणून हिमाचलमधला हमटा पास घेऊ, कारण महाराष्ट्रातून जाणाऱ्या पुष्कळांचा पहिला उंचावरचा ट्रेक हाच असतो. चौघांचा गट आहे, बरोबर स्थानिक वाटाड्या आहे, पण स्वयंपाक स्वतःचा आणि शिधा स्वतःच्या पाठीवर, असं धरून चालू. (वाटाड्या आपलं जेवण स्वतः आणणार आहे की तुमच्यात जेवणार, हे निघण्याआधी बोलून घ्या. तुमच्यात जेवणार असेल तर पुढचा सगळा हिशोब पाच जणांचा करा.)

पहिली पायरी: आधी मुक्कामांची उंची लिहून काढा

मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे. तिथून गाडीने जोबरा आणि मग थोडं चालून चिका, हा पहिला मुक्काम ३,१०० मीटरच्या आसपास. दुसरा बालू का घेरा, ३,६०० ते ३,७५० मीटरच्या दरम्यान. तिसऱ्या दिवशी सुमारे ४,२७० मीटरची खिंड ओलांडून शिया गोरूला, म्हणजे ३,९०० मीटरच्या आसपास उतरायचं. चौथ्या दिवशी लाहौलच्या बाजूला छत्रू.

चालण्याचे दिवस चार. शिधा मात्र पाच दिवसांचा घ्या. बालू का घेरापाशी कुणाचं डोकं दुखायला लागलं किंवा पावसाने नाल्याला पाणी चढलं, तर एक दिवस थांबता आलं पाहिजे. हातात शिधा नसला की माणसं थांबण्याऐवजी पुढे रेटतात. शक्य असेल तर हा थांबण्याचा दिवस आधीपासूनच आखणीत धरा. चिकापासून बालू का घेरापर्यंत झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटर किंवा त्याहून जास्त वाढते. नवख्याच्या शरीरासाठी ही वाढ मर्यादेच्या काठावरची आहे.

दुसरी पायरी: तिथे शिजेल तेच निवडा

दर ३०० मीटर चढलं की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. म्हणजे बालू का घेराला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. भांडं खदखदताना दिसतं, पण आत तांदळाचा दाणा कच्चाच राहतो. तूरडाळ तर तासाभरानेही टणक लागते. राजमा, छोले, अख्खे मूग या वाटेला जाऊच नका.

यातून बाहेर पडण्याचे दोन रस्ते आहेत. चौघांचा गट असेल तर तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर न्या. त्याचं वजन दीड किलोच्या आसपास भरतं, पण आतलं तापमान त्या उंचीवरही ११० अंशांच्या वर जातं आणि मूगडाळीची खिचडी व्यवस्थित शिजते. गॅस वाचतो तो वेगळाच. डाळ-तांदूळ मुक्कामाला पोचल्या पोचल्या भिजत घाला, दोन शिट्ट्या झाल्या की कुकर उतरवून जाकिटात गुंडाळून ठेवा. उरलेलं शिजणं आतल्या आत होतं. रात्री झाकण काढल्यावर दाताखाली वाळूसारखी कचकच लागली तर एक शिट्टी आणखी द्या, कच्चं खाऊ नका. अर्धवट शिजलेल्या डाळीने त्या उंचीवर पोटात जो वारा धरतो, त्यात झोप जाते.

दोघेच असाल तर कुकर सोडा आणि ज्याला फक्त गरम पाणी लागतं असं अन्न न्या. घरी तूप, मोहरी, कढीपत्ता, मिरची घालून कोरडा भाजलेला उपम्याचा रवा, जाड पोहे, बारीक शेवया, ओट्स, सातूचं पीठ, झटपट नूडल्स आणि सूपची पाकिटं. आपल्या स्वयंपाकघरातलं मेतकूट इथे फार कामाचं आहे. ते भाजून दळलेलंच असतं, त्यामुळे गरम पाणी, मीठ आणि तूप घातलं की डाळीच्या वरणाची जागा घेतं.

निवडीची दुसरी कसोटी जिभेची. उंचीवर तेलकट आणि नुसतं गोड नकोसं होतं, आंबट-खारट मात्र घशाखाली उतरतं. म्हणून लिंबाचं लोणचं, आमसूल, भाजलेल्या खोबऱ्याची लसणीची चटणी यांना पिशवीत जागा द्या. पन्नास ग्रॅम लोणच्याने चौघांची खिचडी संपते, नाहीतर ती तशीच भांड्यात राहते.

घरी एकदा हे सगळं करून पाहाच, पण त्यातून काय कळतं तेही लक्षात ठेवा. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. तिथे पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे शिजवण्याची परीक्षा तिथे होत नाही. सलग दोन दिवस तेच खाऊन पोट कुरकुरतं का, एवढं मात्र नक्की कळतं.

तिसरी पायरी: माणशी दिवसाला ६५० ग्रॅम

कोरड्या शिध्याचं हे वजन मी नवख्यांसाठी धरतो. त्याची विभागणी अशी. सकाळी १०० ग्रॅम उपम्याचा तुपात भाजलेला रवा किंवा पोहे. दिवसभराच्या चहासाठी २५ ग्रॅम दूध पावडर आणि ३० ग्रॅम साखर. वाटेत खायला २०० ग्रॅम: त्यात शेंगदाणा-गुळाचा लाडू किंवा चिक्की ८० ग्रॅम, बिनबियांचा खजूर ६० ग्रॅम, खाकरा किंवा भाजके चणे ६० ग्रॅम. मुक्कामाला पोचल्यावर सूपसोबत ७० ग्रॅम नूडल्स किंवा शेवया. रात्री १०० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम मूगडाळ आणि २० ग्रॅम तूप. सरबतासाठी ४० ग्रॅम साखर किंवा गूळ, आणि मीठ-मसाला-लोणचं मिळून २५ ग्रॅम.

यातून सुमारे २,६०० कॅलरी मिळतात. पाठीवर ओझं घेऊन सहा तास चालणाऱ्याला खरं तर तीन हजारांच्या वर लागतात. ही तूट मी मुद्दाम ठेवतो. चार-पाच दिवसांची कमतरता अंगातली चरबी सहज भरून काढते, आणि उंचीवर भूक कमी झाल्यामुळे जास्तीचं नेलेलं बहुतेक परतच येतं. आठ-दहा दिवसांचा ट्रेक असेल तर मात्र हा हिशोब चालणार नाही. तिथे तूप, शेंगदाणे, सुकं खोबरं वाढवून ७५० ते ८०० ग्रॅमपर्यंत जावं लागतं.

तूट चालत नाही ती पिष्टमय पदार्थांची आणि साखरेची. स्नायूंत आणि यकृतात त्यांचा साठा मिळून जेमतेम चार-पाचशे ग्रॅम असतो आणि चढावर तो भराभर वापरला जातो. शिवाय तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये शरीराला चरबीपेक्षा यांच्यापासून सात-आठ टक्के जास्त ऊर्जा मिळते. हवा विरळ असताना हा फरक जाणवतो. वरच्या यादीत दिवसाला सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला तेवढी पुरतात.

चौघांचा पाच दिवसांचा शिधा होतो १३ किलो, म्हणजे माणशी सव्वातीन. पदार्थांच्या पिशव्या बांधू नका, दिवसांच्या पिशव्या बांधा: "दुसरा दिवस, चौघे" असं लिहून त्या दिवसाचं सगळं एकत्र. अंधारात, गार बोटांनी पिशव्या चाचपत बसावं लागत नाही आणि पहिल्याच रात्री सगळी चिक्की संपत नाही. वाटेतल्या खाऊची मात्र प्रत्येकाची वेगळी पुडी करा आणि ती ज्याची त्याच्याकडे द्या.

चौथी पायरी: भूक लागायच्या आधी खा

चालताना दर तासाला साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. पाच मोठे खजूर म्हणजे तेवढे झाले, किंवा एक लहान चिक्की आणि दोन-चार घोट गोड सरबत. वाटेतला खाऊ आणि सरबताची साखर मिळून सहा तासांना पुरते, त्याचा हिशोब असाच बसवलेला आहे. खाऊ पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवला तर तो खाल्ला जात नाही. कमरेच्या पट्ट्याच्या खिशात किंवा जाकिटात ठेवा.

साखर उतरायला लागली की माणूस आधी गप्प होतो, मग चिडतो, मग पाऊल दगडाला अडखळायला लागतं. एरवी बोलका असणारा सोबती मागे पडून गप्प झाला तर थांबा, दोन घास गोड द्या आणि दहा मिनिटं बसा. पंधरा-वीस मिनिटांत तो सावरला तर भूकच होती. सावरला नाही तर कारण दुसरं आहे. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पाचवी पायरी: मीठ घामाच्या मापाने

एक लिटर घामातून सरासरी एक ग्रॅम सोडियम, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ जातं. काहींचं याच्या दुप्पटही जातं. त्यांच्या टोपीवर आणि पाठीवर घाम वाळला की पांढरे पट्टे उमटतात. चढाच्या दिवशी दोन-तीन लिटर घाम गेला तर पाच ते साडेसात ग्रॅम मीठ गेलं. दोन जेवणं, सूप आणि लोणचं यातून एवढं परत मिळतं. म्हणून जेवण नीट जात असेल तर मिठाच्या गोळ्यांची गरज नाही. अडचण येते ती जेवण जात नसताना नुसतं पाणी पीत राहिल्याने.

माझी पद्धत अशी: चालण्याच्या दिवशी एक लिटर मीठ-साखरेचं पाणी, बाकी साधं पाणी आणि त्यासोबत खारट खाऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएसची पावडर सर्वांत सोपी. १ लिटरच्या पाकिटात २०.५ ग्रॅम पावडर असते. ती पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची. अर्ध्या बाटलीत घातली तर मीठ जास्त होतं आणि तहान उलट वाढते. पावडर संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या लहान चमच्याने. लिंबू चवीला.

"वर गेल्यावर भरपूर पाणी प्या म्हणजे डोकं दुखत नाही" हा सल्ला गटागटांत फिरतो. तहान भागेल आणि लघवी फिकट पिवळी राहील एवढं प्यायला हवं, म्हणजे बहुतेकांना दिवसाला तीन-चार लिटर. त्यापुढे पिऊन उंचीचा त्रास टळत नाही. मिठाशिवाय पाच-सहा लिटर ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण सुरू होतं. दिसायला ते उंचीच्या त्रासासारखंच दिसतं. बोटातली अंगठी घट्ट झाली, हात-तोंड सुजल्यासारखं वाटलं आणि लघवी पाण्यासारखी पांढरी असेल, तर पाणी थांबवा आणि खारट काहीतरी खायला द्या. उंचीच्या त्रासावरचं डायमॉक्स हे औषध घेणाऱ्याला लघवी जास्त होते, त्याच्याबाबत नुसत्या रंगावर जाऊ नका.

रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मीठ-साखरेचे हे आकडे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवावेत.

सहावी पायरी: पाणी

हमटाच्या दरीत पाण्याला तोटा नाही. वाट बराच वेळ राणी नाल्याच्या काठाने जाते. पण पाणी बर्फाचं आणि वाहतं आहे म्हणून स्वच्छ असतं, ही समजूत सोडा. उन्हाळ्यात या कुरणांत गद्दी मेंढपाळांचे कळप चरतात, खेचरं ये-जा करतात आणि वरच्या अंगाला कुणाचा तरी तंबू असतोच. जनावरांच्या आणि माणसांच्या शेणा-विष्ठेतून जंतू आणि जिआर्डियासारखे परजीवी पाण्यात उतरतात. थंडीत ते मरत नाहीत.

पाणी भरायला मुक्कामाच्या वरच्या बाजूला जा, शक्यतो कडेच्या उतारावरून येणारा लहान झरा शोधा. मुख्य नाल्याचं पाणी पहाटे सर्वांत निवळ असतं. दुपारी ऊन तापलं, बर्फ वितळलं की त्यात दगडाची पीठासारखी बारीक पूड येते आणि ते करडं-दुधी दिसतं. असं पाणी भांड्यात रात्रभर निवळत ठेवा. घाई असेल तर तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवून तासभर थांबा आणि वरचं नितळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. गढूळ पाण्यावर पुढचा कुठलाच उपाय नीट चालत नाही. गाळणी तुंबते आणि क्लोरीन गाळातच खर्च होतं.

सर्वांत खात्रीचं म्हणजे उकळणं. २,००० मीटरच्या वर पाणी खळखळून उकळल्यावर तीन मिनिटं तसंच ठेवायचं. ८८ अंशांनाही रोगजंतू मरतात, तेव्हा तांदूळ शिजत नाही म्हणून पाणीही शुद्ध होत नसेल अशी शंका नको. पण सगळं पाणी उकळण्याचा गॅस मोजा. चौघांचं दिवसाला १२ लिटर पाणी, लिटरला गार वाऱ्यात १५ ते २० ग्रॅम गॅस, म्हणजे १८० ते २४० ग्रॅम. २३० ग्रॅमचा अख्खा डबा रोज नुसत्या पाण्यावर जाईल. हे डबे विमानात किंवा रेल्वेत नेता येत नाहीत, मनालीतच घ्यावे लागतात.

म्हणून विभागून घ्या. रात्री उकळलेलं पाणी प्रत्येकाच्या बाटलीत भरा. ती रात्री झोपण्याच्या पिशवीत पाय गरम ठेवते आणि सकाळी पहिला लिटर तयार असतो. दिवसाचं बाकी पाणी आधी गाळणीतून आणि मग क्लोरीनच्या गोळीने शुद्ध करा. पोकळ तंतूंची ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनची गाळणी जीवाणू आणि परजीवी अडवते, विषाणू मात्र तिच्यातून निसटतात. गोळी विषाणू आणि जीवाणू मारते, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीपुढे तिचं चालत नाही. दोन्ही एकत्र वापरले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं.

गोळी घेताना एक गोळी किती लिटरसाठी आहे ते पाकिटावर वाचा. २० लिटरच्या भांड्यासाठीची गोळी एक लिटरच्या बाटलीत टाकायची नसते. पाणी साधारण गार असेल तर अर्धा तास पुरतो. बर्फाजवळच्या पाण्यात ही क्रिया मंदावते, तिथे तासभर तरी थांबा किंवा बाटली जाकिटाच्या आत घेऊन चाला. बाटलीचं झाकण सैल करून थोडं पाणी आट्यांवरून गळू द्या, तोंड लागतं ती जागाही शुद्ध झाली पाहिजे. लिंबू, ओआरएस किंवा सरबत हे सगळं थांबण्याची वेळ संपल्यावरच घाला. लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीन निष्प्रभ करतं. आधी घातलं तर चव छान लागते आणि पाणी अशुद्धच राहतं.

गाळणीला गोठणं चालत नाही. आतलं पाणी एकदा गोठलं की तंतू फाटतात. ते बाहेरून दिसत नाही आणि पाणी पूर्वीसारखंच येत राहतं. रात्री तिला झटकून, पिशवीत गुंडाळून स्वतःजवळ घेऊन झोपा.

आणि हात. स्वयंपाक करणाऱ्याने आणि वाढणाऱ्याने साबणाने हात धुतले नाहीत तर वरचं सगळं फुकट. गटात एकाचं पोट बिघडलं की दुसऱ्या दिवशी तिघांचं बिघडतं, ते बहुतेक वेळा नाल्यामुळे नसतं, हातांमुळे असतं.

सातवी पायरी: खिंडीचा दिवस आणि आदल्या रात्रीचं ताट

आदल्या रात्री खिचडीत तांदूळ थोडा जास्त, तूप थोडं कमी करा. पहाटे निघताना मोठा नाश्ता कुणालाच जात नाही. गोड चहा आणि त्यात बुडवून खाकरा किंवा वाटीभर गोड शेवया, एवढं पुरे. पुढे दर अर्ध्या तासाला एक-दोन खजूर आणि दोन घोट. माथ्यावर थंड वारा असतो, तिथे जेवायला बसू नका. खिंड उतरून आडोशाला आल्यावर खा. शिया गोरूला पोचल्यावर तंबू लावण्याआधी सूप चढवा, कारण एकदा आडवे झालेले लोक जेवायला उठत नाहीत.

बालू का घेराला रात्री कोण किती जेवलं याकडे गटातल्या एकाने लक्ष ठेवायचं. थोडं कमी जेवणं सगळ्यांचंच होतं. पण कुणी ताट तसंच सरकवलं, डोकं दुखतंय म्हणालं आणि मळमळ आहे, तर ते उंचीचं लक्षण धरा. त्याला अर्धा लिटर ओआरएस घोट घोट द्या, जमलं तर सूप द्या आणि तासभर शांत बसू द्या. तहानेने किंवा उपाशीपणाने दुखत असेल तर एवढ्यात उतार पडतो आणि तो स्वतःहून खायला मागतो. उतार पडला नाही तर सकाळी खिंड चढायची नाही, राखून ठेवलेला पाचव्या दिवसाचा शिधा उघडायचा आणि तिथेच थांबायचं. दुखणं वाढलं तर खाली चिकाकडे उतरायचं. बोलणं असंबद्ध झालं, सरळ रेषेत चालता येईना किंवा बसल्या जागी धाप लागली, तर खाणं-पिणं, तासभर वाट पाहणं यातलं काहीही न करता, रात्र असली तरी, वाटाड्याला उठवून त्या आजारी सोबत्याला लगेच खाली न्यायचं.